पहिल्या सरीचे पाणी कुठे जाते?

(दृश्य: काचेचे दोन ग्लास, खिडकीच्या उजेडात)

हे दोन्ही ग्लास खारघरमधील एका रो-हाऊसच्या गच्चीवरून उतरलेल्या पाण्याचे आहेत. डावीकडचा पाऊस सुरू झाल्यावर लगेच भरला, तर उजवीकडचा अर्ध्या तासाने. डावीकडच्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आहे, कारण उन्हाळाभर साचलेली बांधकामांची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि कुजलेला पाला हे सारे त्याच सरीत धुऊन निघाले आहे.

(दृश्य: भिंतीलगतचे उभे पाइप)

हे पाणी टाकीत जाऊ न देणे, हे गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवणाऱ्या या यंत्रणेचे पहिले काम आहे. गच्ची ६० चौरस मीटरची आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे गच्ची धुण्यासाठी पहिला दीड मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा, तर ९० लिटर पाणी बाजूला काढावे लागते. सुरुवातीला प्लंबरने गच्चीच्या दोन्ही उतरत्या नळांना चार इंची, दीड मीटर उंचीचा एकेक पाइप बसवला होता. एका पाइपात जेमतेम १२ लिटर मावत, दोन्ही मिळून २४. उरलेला सगळा चहा टाकीत गेला, आणि आठवड्याभरात पाण्याला वास येऊ लागला. या घरातल्या काकू म्हणतात, “आम्हाला वाटलं, टाकीच खराब आहे.” टाकीचा यात काहीच दोष नव्हता. आता त्या जागी सहा इंची, अडीच मीटर उंचीचे पाइप आहेत आणि प्रत्येकात सुमारे ४५ लिटर पाणी मावते.

(दृश्य: पारदर्शक पाइपचा नमुना, आत तरंगणारा चेंडू)

आत एक पोकळ प्लास्टिकचा चेंडू आहे. पाइप भरत जातो तसा तो वर येतो आणि अरुंद तोंडात घट्ट बसतो, त्यामुळे मागाहून येणारे स्वच्छ पाणी आडव्या नळातून गाळणीकडे वळते. पाइपच्या तळाच्या टोपणाला सुईएवढे छिद्र आहे. त्यातून थेंब थेंब गळून पाइप दिवसभरात रिकामा होतो आणि पुढच्या सरीसाठी तयार राहतो. जुलैच्या संततधारेत तो भरलेलाच राहतो, आणि तेच योग्य आहे, कारण तोवर गच्ची धुतली गेलेली असते. मात्र चार दिवस ऊन पडूनही पाइपवर टिचकी मारल्यावर भरीव आवाज आला, तर छिद्र गाळाने बुजले आहे असे समजावे. अशा वेळी पुढची मळकट सर थेट टाकीत जाते.

(दृश्य: निळे पिंप, वाळूचा थर हाताने उकरताना)

गाळणी म्हणजे २०० लिटरचे पिंप. तळाशी मोठे दगड, त्यावर बारीक खडी, त्यावर धुतलेली जाड वाळू आणि सर्वांत वर नायलॉनची जाळी. पाणी वरून खाली झिरपते आणि गाळ मुख्यतः वाळूच्या वरच्या थरातच अडकतो. गाळणी तुंबली आहे का, हे काकू बादलीने ओळखतात. वाळू स्वच्छ असताना २० लिटरची बादली साधारण एका मिनिटात भरते. तीन मिनिटे लागू लागली की वरचा चार बोटे थर काढून धुवायचा. अर्थात मुसळधार पावसात ताशी ५० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली, तर गच्चीवरून तासाला अडीच हजार लिटरहून अधिक पाणी येते आणि पिंपातून त्याच्या निम्मेच गाळले जाते. म्हणूनच पिंपाच्या काठाखाली एक जादा नळ काढलेला आहे. उतू जाणारे पाणी तेथून आवारातील शोषखड्ड्याकडे जाते.

(दृश्य: जिन्याखालील काळी टाकी, बॅटरीच्या उजेडात)

टाकी पाच हजार लिटरची, काळी आणि सावलीत ठेवलेली आहे, कारण उजेड मिळाला की पाण्यात शेवाळ धरते. आत येणारा नळ तळापर्यंत नेऊन त्याचे तोंड वर वळवले आहे, म्हणजे तळाचा गाळ ढवळला जात नाही. पाणी घ्यायचा नळ तळापासून वीतभर उंचीवर आहे, आणि डास शिरू नयेत म्हणून उतू जाण्याच्या नळाला बारीक जाळी बांधलेली आहे.

हे पाणी संडास, धुणी आणि अंगणासाठी वापरले जाते, पिण्यासाठी नाही. वाळूच्या गाळणीने जंतू मरत नाहीत. जोरदार पावसाच्या एका दिवसात टाकी भरते, आणि ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर रोजच्या दोनशे लिटर वापराने ती २५ दिवसांत संपते.

(दृश्य: मे महिन्याची दुपार)

काकूंनी दोन्ही टोपणे उघडली आहेत. आत वाळलेला, तडे गेलेला दोन बोटे जाडीचा गाळ आहे, आणि त्यात कबुतराचे एक पीस.