बर्डी बंद पडली तर? नेटवर्कचे नाजूक सांधे शोधायची गोष्ट

(पडद्यावर नागपूर मेट्रोचा नकाशा)

नागपूर मेट्रोचा नकाशा काढायला दोन रेघा पुरतात. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीला जाते, अ‍ॅक्वा लाइन प्रजापती नगरातून लोकमान्य नगरला, आणि दोघी सीताबर्डीला एकमेकींना कापतात. ह्यात कुठूनही गोल फिरून परत येता येत नाही, म्हणून दोन स्टेशनांमधला कोणताही एक ट्रॅक बंद पडला की नेटवर्कचे दोन तुकडे झालेच समजा. अशा जोडणीला ब्रिज म्हणतात. आणि जे स्टेशन काढलं की नेटवर्क तुटतं ते आर्टिक्युलेशन पॉइंट, इथे टोकाची चार स्टेशनं सोडली तर बाकी सगळीच तशी. म्हणजे मेट्रोत शोधायला काही नाहीच.

खरी मजा येते ती जिथे वळसे असतात तिथे.

(नकाशा बदलतो, सहा ठिपके)

समजा एका केबलवाल्याचं फायबर नेटवर्क आहे, काल्पनिकच, पण जागा आपल्या ओळखीच्या. धरमपेठ, रामदासपेठ आणि बर्डी ह्या तिघांचा एक त्रिकोण. बर्डी, महाल, इतवारी हा दुसरा त्रिकोण. आणि इतवारीवरून एकच केबल पुढे पारडीला गेलेली. आता सांगा, नाजूक कुठे आहे? पारडीची केबल तर डोळ्यांना दिसतेच. पण सहा ठिपक्यांच्या जागी दहा हजार जंक्शन आणि पंधरा हजार केबल असतील तर डोळे काय करणार भाऊ?

सरळधोपट उपाय असा, की एकेक केबल काढायची, सगळं नेटवर्क फिरून पाहायचं, परत लावायची, मग पुढची. पंधरा हजार वेळा फिरायचं आणि दर वेळी पंचवीस हजार गोष्टींना हात लावायचा, म्हणजे साडेसदतीस कोटी पावलं, आणि जंक्शनांचा हिशोब अजून बाकीच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन ह्यांनी दाखवून दिलं की हे एकाच फेरीत होतं, फक्त फिरताना प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहून ठेवायचे.

पहिला आकडा डिस्कव्हरी टाइम, म्हणजे त्या ठिकाणी आपण कितव्या नंबरला पोचलो. फिरायची रीत डीएफएसची, जिथवर नवीन ठिकाण मिळतंय तिथवर पुढे घुसत जायचं आणि वाट संपली की आल्या पावली मागे फिरायचं. धरमपेठेतून निघूया. धरमपेठ 1, रामदासपेठ 2, बर्डी 3, महाल 4, इतवारी 5, पारडी 6.

दुसरा आकडा लो-लिंक. आपण ज्या केबलने आलो ती सोडून, ह्या ठिकाणाहून किंवा ह्याच्या पुढे जे जे सापडलं तिथून, एकच मागची उडी मारून सगळ्यात आधीच्या कोणत्या नंबरला पोचता येतं, तो नंबर. हा आकडा पक्का होतो परत येताना, म्हणून उलटं वाचत जाऊ.

पारडीला दुसरी केबलच नाही, म्हणून लो 6. इतवारीवरून एक केबल थेट बर्डीला जाते, बर्डीचा नंबर 3, म्हणून इतवारीचा लो 3. महालची स्वतःची मागची उडी नाही, पण पुढे इतवारी आहे, तिचा 3 त्यालाही मिळतो. बर्डीवरून धरमपेठेला केबल आहे, लो 1. रामदासपेठेला तोच 1 मिळतो, आणि धरमपेठ स्वतःच 1.

आता u म्हणजे आधीचं ठिकाण आणि v म्हणजे तिथून नवीन सापडलेलं. तपासणी एवढीच:

```
ब्रिज:               low[v] >  disc[u]
आर्टिक्युलेशन पॉइंट:  low[v] >= disc[u]
```

इतवारी ते पारडी पाहा. 6 हा 5 पेक्षा मोठा, म्हणजे पारडीकडून इतवारीपर्यंतसुद्धा दुसऱ्या वाटेने येता येत नाही, ब्रिज सापडला. इतवारीही आर्टिक्युलेशन पॉइंट. आता बर्डी ते महाल. महालचा लो 3, बर्डीचा नंबर 3. मोठा नाही, म्हणून ब्रिज नाही, केबल तुटली तरी इतवारीकडून वळसा आहे. पण बरोबरी आहे ना, म्हणजे तो वळसा परत बर्डीतच येतो, बर्डीच्या मागे जात नाही. बर्डीचं जंक्शन जळलं की महाल, इतवारी, पारडी तिघंही तुटले. बर्डीच्या चारपैकी एकही केबल ब्रिज नाही, तरी बर्डी मात्र नाजूक! फक्त ब्रिज शोधून खूश होणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं.

धरमपेठेचं काय? रामदासपेठेचा लो 1, धरमपेठेचा नंबर 1, नियमाने तीही सापडते, पण ते खोटं आहे. ती सुरुवात आहे, तिच्या मागे कोणीच नाही, म्हणून तिथे ही अट नेहमीच पूर्ण होते. सुरुवातीच्या ठिकाणाला नियम वेगळा, तिथून डीएफएसच्या दोन किंवा जास्त वेगळ्या फांद्या निघाल्या तरच ते नाजूक. धरमपेठेतून एकच निघाली.

कोड लिहिताना एक घोळ मला फार वाईट वाटतो कारण तो लपून बसतो. मागची उडी मारताना समोरच्याचा डिस्कव्हरी टाइम घ्यायचा, त्याचा लो नाही. समजा बर्डीने धरमपेठेची केबल आधीच पाहिली आणि तिचा लो 1 झाला, आणि मग इतवारीने उडी मारताना बर्डीचा 3 न घेता तो 1 उचलला. झालं, महालचाही लो 1, बर्डीची तपासणी पास, नाजूक सांधा गायब. पण बर्डीने महालची केबल आधी पाहिली असती तर तिचा लो तेव्हा 3च असता आणि उत्तर बरोबर आलं असतं. म्हणजे यादीत केबल कोणत्या क्रमाने लिहिल्यात त्यावर उत्तर बदलतं, आणि ब्रिज तर दोन्ही वेळा बरोबरच येतात, मग शंका कुणाला येणार? यादीचा क्रम उलटसुलट करून परत चालवा, उत्तर बदललं तर घोळ इथेच आहे.

दुसरं म्हणजे जोडकेबल. इतवारी ते पारडी दोन केबल टाकल्या तर तो ब्रिज राहत नाही. पण कोडमध्ये "आलो त्या ठिकाणाकडे पाहू नको" असं लिहिलं असेल तर दुसरी केबलही दुर्लक्षित होते, म्हणून ठिकाण नाही तर केबलचा नंबर लक्षात ठेवायचा. बाकी दोन्ही केबल एकाच नालीत टाकल्या असतील आणि जेसीबी आला तर काय, हे ह्या गणिताला माहीतच नसतं, ते आपण सांगायचं. आणि हो, हे सगळं दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या जोडण्यांसाठी आहे, वन-वे रस्त्यांना हे असंच लावू नका.

(नकाशात दोन नवीन रेघा)

आता दुरुस्ती. पारडी ते महाल एक केबल टाकली की पारडीचा लो 4 होतो, इतवारीच्या 5 पेक्षा कमी, तिथला ब्रिजही गेला आणि इतवारीही सुटली. बर्डी मात्र अजून तशीच, महालचा लो 3च आहे. मग रामदासपेठ ते महाल दुसरी केबल टाका, महालचा लो 2 होतो, बर्डीच्या 3 पेक्षा कमी. परत फेरी मारली तर ब्रिज शून्य, आर्टिक्युलेशन पॉइंटही शून्य.