दूध ते दही, तीन पायऱ्यांत

(फळ्यावर मोठ्या अक्षरात: आई. खाली रिकामी रेघ. त्याखाली: बाबा.)

मधल्या रेघेवर काय येईल? नियम एकच आहे. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, जागा तीच ठेवायची आणि जे होईल तो खरा शब्द पाहिजे. आई, मग बाई, मग बाबा. आ जाऊन बा आला, मग ई जाऊन बा आला, झालं. सातवीच्या या वर्गात कोणालाही शब्दशिडी शिकवायची असेल तर इथूनच सुरुवात करतात, आणि बाईंसमोरच "बाई" सापडते म्हणून पोरं जाम खुश असतात.

ही जिल्हा परिषदेची शाळा आहे. इथे शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मुलं एकमेकांसाठी कोडी बनवतात, म्हणजे बाई कोडं देतात आणि मुलं सोडवतात असं नाही, बनवणारी पण मुलं आणि सोडवणारी पण मुलंच. आणि बनवायला बसलं की कळतं की सोडवणं त्यामानाने फारच सोपं होतं.

शिडीचा हा खेळ मूळचा इंग्रजीतला. लुईस कॅरल या लेखकाने १८७७ च्या ख्रिसमसला तो काढला आणि १८७९ मध्ये तो लंडनच्या एका साप्ताहिकात छापून यायला लागला. इंग्रजीत बदलायला सव्वीसच लेटर्स. मराठीत मात्र चौकोनात बसतं ते अख्खं अक्षर, काना मात्रा वेलांटी सगळं धरून, आणि नुसती बाराखडी मोजली तरी ती अक्षरं चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून मराठीत चार अक्षरी शिडीच्या नादाला कोणी लागत नाही. दोन अक्षरी शिड्या मस्त जमतात, तीन अक्षरी शिड्या रडवतात.

(क्लोजअप: वहीचं पान, पेन्सिलने काढलेली शिडी.)

ही बघा एका मुलीची शिडी. वर दूध, खाली दही. तिने असा रस्ता काढला: दूध, दूर, वर, वही, दही. एकेक पायरी तपासू. दूध मधला ध जाऊन र आला, दूर. दू च्या जागी व, वर. र च्या जागी ही, वही. व च्या जागी द, दही. सगळे रोजचे शब्द, कुठेही ओढाताण नाही. तिने प्रत्येक पायरीला सूचना पण दिलीय, "जवळच्या उलट", "खालीच्या उलट", "दप्तरात असते". कोडं म्हणून एकदम ओके.

पण सोडवायला मिळालं ते मागच्या बाकावरच्या एका मुलाला, ज्याच्या घरी म्हशी आहेत. त्याने सूचना वाचल्याच नाहीत. त्याने लिहिलं दूध, दूर, दर, दही. एक पायरी कमी! "दर कुठून आणलास?" तिने विचारलं. तर म्हणे, "अगं डेअरीवर फॅट लागली की दर ठरतो ना, आमच्याकडे रोज संध्याकाळी तेवढंच बोलतात."

मग काय, वर्गात चढाओढ लागली. तिसऱ्याने आणखी एक रस्ता काढला: दूध, वध, वही, दही. वध हा शब्द अफजलखानाच्या धड्यातला, तो कोणाला माहीत नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे तीन पायऱ्यांचे दोन रस्ते झाले. मग प्रश्न आला की दोन पायऱ्यांत होईल का.

इथे बाईंनी खडू उचलला, आणि मला विचाराल तर या सगळ्या शूटिंगमधली सगळ्यात भारी पाच मिनिटं हीच. त्या म्हणाल्या, "दोन पायऱ्या म्हणजे मध्ये एकच शब्द. त्याचं एक अक्षर दूधकडून आलेलं आणि एक दहीकडून. सांगा बरं कुठले शब्द होऊ शकतात?" पोरांनी मांडून बघितलं. एक तर दूही, नाहीतर दध. तिसरी शक्यताच नाही. आणि हे दोन्ही शब्द नाहीतच. म्हणजे दूध ते दही तीन पायऱ्यांच्या खाली जाणारच नाही, शोधत बसायचं कामच नाही. हीच युक्ती उलटी वापरून मग मुलांनी दोन पायऱ्यांच्या शिड्या धडाधड काढल्या. हात ते पाय, मध्ये पात, किंवा हाय. काळा ते गोरा, मध्ये गोळा. दोन शब्द घ्यायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावून बघायचं, शब्द झाला तर शिडी तयार.

बरं, भांडणं कशावरून होतात? शब्द खरा की खोटा यावरून. एकाने "दूही" पण चालतो म्हणून बराच वाद घातला, दुही असते की! असते, पण तिचा दु ऱ्हस्व आणि दूधचा दू दीर्घ. शेवटी वर्गाने ठरवलंय, वाद झाला की कपाटातला शब्दकोश काढायचा आणि त्यात नसेल तर शब्द बाद. गावातल्या बोलीतले शब्द पण कधीकधी बाद होतात, आणि ते मला थोडं खटकलं, पण नियम त्यांचा आहे, माझा नाही.

(वरून दिसणारं दृश्य: पाच बाय पाच चौकटींचा कागद, काही घरं पेन्सिलने काळी केलेली.)

आता शब्दकोडं. आडवे शब्द, उभे शब्द, पेपरात येतं तसं. पेपरातल्या या कोड्याची सुरुवात २१ डिसेंबर १९१३ ची, न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या पेपरात आर्थर विन याने छापलं ते पहिलं असं मानतात, आणि त्याचा आकार चौकोनी नव्हता, शंकरपाळ्यासारखा होता.

या दोघी मैत्रिणींनी विषय घेतलाय स्वयंपाकघर. शब्दांची यादी आधी करायची आणि सगळ्यात लांब शब्द आधी बसवायचा, हे त्यांना आता माहीत झालंय. त्यांचा लांब शब्द कोशिंबीर. घरं किती लागतील? को, शिं, बी, र. चार. शिं वरचा अनुस्वार वेगळ्या घरात जात नाही, तो शि च्या डोक्यावरच राहतो, आणि पहिल्या पहिल्यांदा निम्मा वर्ग इथेच चुकायचा.

कोशिंबीर दुसऱ्या ओळीत आडवी बसली. तिच्या शेवटच्या र मधून उभा शब्द काढायचाय. मिरचीत पण र आहे, पण त्यांनी तरकारी घेतली, कारण तिच्या शेवटी री आहे आणि भाकरीच्या शेवटी पण री. झालं, चौथ्या ओळीत भाकरी आडवी. मग भाकरीच्या भा पासून खाली भाजी. आणि भाकरीच्या क पासून खाली कढी. बघायला एकदम झकास.

फक्त पाचव्या ओळीकडे नीट बघा. भाजीची जी आणि कढीची ढी शेजारी शेजारी आल्या. म्हणजे आडवं वाचलं तर शब्द झाला "जीढी"!

वर्ग दोन मिनिटं नुसता हसत होता. पण नियम असा की शेजारच्या घरांत जे काही लागून वाचता येतं तो शब्दच पाहिजे, त्यामुळे कढी किंवा भाजी, दोघींपैकी एकीला जावं लागणार. कढी गेली. तिच्या बदल्यात तरकारीच्या वरच्या त पासून आडवा तवा बसला, त्याच्या खालचं घर रिकामं होतं म्हणून तो कोणाला चिकटला नाही. एकूण पाच शब्द, पंचवीसपैकी अकरा घरं भरली, बाकी काळी. पेपरातल्या कोड्यापुढे हे विरळच दिसतं, पण मराठीत भा ला भा च लागतो, भ चालत नाही, त्यामुळे छेद मिळणंच अवघड असतं. म्हणून ही मुलं यादीतच असे शब्द हेरून ठेवतात ज्यात र, क, त, ट, ल, न अशी मोकळी अक्षरं आहेत.

शेजारच्या बाकावर एक जण मिरची आणि मीठ एकमेकांत घुसवायला बघतोय. बसेना. त्याला वाटलं घरं मोजायला चुकलं. चुकलं नव्हतं, मिरचीची मि पहिली आणि मीठाची मी दुसरी. इथे मी पण "मीठाची" असं बोलून गेलो, लिहिताना "मिठाची" पाहिजे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी दुसरी, म्हणून मीठ, पण पुढे प्रत्यय लागला की ती पहिली होते, म्हणून मिठाचं. दूध आणि दुधाचं तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले त्यातलाच हा. मुलाने मीठ खोडून मिठाई लिहिलं आणि मि ला मि जुळली.

(दोन मुली सूचना लिहितायत.)

घरं भरली की काम संपलं असं वाटतं, पण खरी मारामारी सूचनांवर होते. तव्यासाठी पहिली सूचना होती "यावर भाकरी भाजतात". आता भाकरी तर याच कोड्यात खाली उत्तर आहे, म्हणजे आयतंच दिलं की! ती बदलून झाली "रोज तापतो, पण याला ताप येत नाही". भाजीची सूचना होती "डब्यात असते". दुसऱ्या रांगेतल्या मुलाला कोडं तपासायला दिलं, त्याने आधी भाजीच सोडवायला घेतली आणि बिनधास्त पोळी लिहून मोकळा झाला. चुकीचं म्हणता पण येईना, पोळी पण दोन घरांची आणि पोळी पण डब्यात असते. भाकरी आल्यावर पहिल्या घरात भा आला तेव्हा त्याने खोडलं आणि वैतागला.

या तपासणीचा एक कडक नियम आहे, कोडं बनवणाऱ्याने समोर बसायचं पण तोंड उघडायचं नाही. सोडवणारा कुठे अडतो, काय खोडतो, फक्त बघायचं आणि खूण करायची. दोघींपैकी एकीने ओठांवर हात दाबून धरलाय, दिसतंय ना? जिथे सोडवणाऱ्याने खोडरबर घेतला तिथे सूचना बदलायची. भाजीची सूचना शेवटी झाली "एक उभ्याचंच दुसरं नाव", कारण एक नंबरचा उभा शब्द होता तरकारी.

(फळ्याचा कोपरा. वर सकाळ, खाली दुपार.)

आणि ही फळ्याच्या कोपऱ्यातली शिडी अजून कोणालाच सुटलेली नाही. सकाळ ते दुपार. वरून निघालं तर सकाळ, दुकाळ, दुकान, आणि तिथे गाडी अडली. खालून निघालं तर दुपार, अपार, अपाय, उपाय, उपास. दुसऱ्या बाजूने दुबार पण लागतो, पेरणीतला दुबार. पण वरचा रस्ता आणि खालचा रस्ता मध्ये जोडायला शब्द मिळेना. तीन अक्षरांची आहे, आणि तीन अक्षरी शब्दांना शेजारी कमीच असतात. दोन्ही टोकांकडून आत यायचं ही आयडिया वर्गातल्याच एका मुलीची. तिचं म्हणणं आहे की उपासच्या पुढे जायला क ने सुरू होणारा एखादा शब्द लागेल, कपाट आणि कपाळपर्यंत पोचलं तर ळ हातात येईल आणि सकाळचा ळ तिथे जुळेल. कपाट ते कपाळ जमलं आहे. उपास ते कपाट राहिलंय.