काळोखाकडे पाहणारा मुलगा : एका शेवटच्या वाक्याविषयी

मित्रहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच वाक्य निवडले आहे. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या 1914 साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील तिसरी कथा 'अ‍ॅरबी' ज्या वाक्याने संपते, ते हे वाक्य. मराठीत ते साधारण असे होईल : "वर त्या काळोखात टक लावून पाहताना मला मी दिसलो, व्यर्थ अभिमानाने हाकललेला आणि हिणवलेला एक जीव, आणि माझे डोळे यातनेने व संतापाने जळू लागले." हे वाक्य बरीच वर्षे वर्गात शिकवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विद्यार्थी कथा कशीही वाचोत, पेन्सिलीची रेघ मात्र न चुकता याच वाक्याखाली ओढतात. कथेचा सगळा अर्थ इथे साठवून ठेवला आहे, असे त्यांना वाटते. एवढा भार हे वाक्य खरोखर पेलते का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, तरी थोडक्यात सांगतो. डब्लिनमधल्या नॉर्थ रिचमंड स्ट्रीट या बंद गल्लीत राहणारा एक मुलगा शेजारच्या मँगनच्या बहिणीच्या प्रेमात पडला आहे. तिचे नाव आपल्याला कधीच कळत नाही, त्याचेही कळत नाही. ती एकदा त्याच्याशी बोलते, 'अ‍ॅरबी' नावाच्या बाजाराला तू जाणार का, असे विचारते; तिला स्वतःला जाता येणार नसते. गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन, असे तो सांगून बसतो. शनिवारी रात्री काका उशिरा, नऊ वाजता घरी येतात, त्यामुळे मुलगा बाजारात पोचतो तेव्हा घड्याळात दहाला दहा मिनिटे कमी असतात आणि बहुतेक दुकाने मिटलेली असतात. असा बाजार डब्लिनमध्ये मे 1894 मध्ये एका रुग्णालयाच्या मदतीसाठी खरोखर भरला होता. जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता.

आता 'एपिफनी' या शब्दाकडे येऊ, कारण शेवटच्या वाक्याला जे माहात्म्य आले ते या शब्दामुळे. मराठीत आपण त्याला 'साक्षात्कार' म्हणतो, आणि इथेच घोटाळा सुरू होतो. साक्षात्कार म्हटला की आपल्या कानात संतवाणी घुमते. ज्याला तो झाला त्याला सत्य कळले, हे आपण वाद न घालता मान्य करतो. जॉइसनेही शब्द घेतला तो चर्चच्या पंचांगातूनच, पण त्याचा उपयोग त्याने फार वेगळा केला. 'स्टीफन हीरो' या त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या कादंबरीत स्टीफन रस्त्याने जात असताना एक तरुणी आणि एक तरुण यांच्या संभाषणाचे चार तुकडे त्याच्या कानावर पडतात. तरुणी शब्द लांबवत लाडिकपणे काहीतरी बोलते, तरुणाचे बोलणे तर ऐकूच येत नाही. असे क्षण टिपून ठेवावेत असे स्टीफनला वाटते आणि तो व्याख्या करतो : बोलण्याच्या किंवा हावभावाच्या सवंगपणातून, अथवा मनाच्या एखाद्या लक्षात राहणाऱ्या अवस्थेतून, एकाएकी होणारे आध्यात्मिक प्रकटीकरण. जॉइसने स्वतः टिपलेले असे चाळीस तुकडे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतले कित्येक निव्वळ ऐकलेले संवाद आहेत. त्यांच्या शेवटी कोणी निष्कर्ष सांगत नाही.

ही व्याख्या हातात घेऊन 'अ‍ॅरबी'चे शेवटचे पान वाचले, तर एपिफनी शेवटच्या वाक्यात नसून त्याच्या थोडी आधी सापडते. मुलगा एका दुकानापाशी येतो. तिथे चिनी मातीच्या फुलदाण्या आणि फुलाफुलांचे चहाचे संच मांडलेले आहेत, आणि दारात एक तरुणी दोन तरुणांशी हसतखिदळत बोलते आहे. त्यांचे उच्चार इंग्रजी आहेत, हे मुलाच्या कानाला जाणवते. ती म्हणते, मी असे कधी म्हटलेच नाही. तो म्हणतो, म्हटलेस की. ती म्हणते, नाही म्हटले. दुसरा साक्ष देतो की त्याने ऐकले. ती म्हणते, काय ही थाप! ती काय म्हणाली होती, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. 'स्टीफन हीरो'मधल्या त्या रस्त्यावरच्या संभाषणाचे हे सख्खे भावंड आहे. मँगनच्या बहिणीशी झालेल्या आपल्या एकुलत्या एका संभाषणाला मुलाने जपमाळेसारखे जपले होते. आणि स्त्री-पुरुषांचे बोलणे एरवी कसे असते ते इथे त्याच्या कानावर पडते. दोन्ही संभाषणे तितकीच फुटकळ आहेत. हे कथा एका शब्दानेही सांगत नाही, फक्त ऐकवते.

पुढची दोन-तीन वाक्ये मला या कथेतली सर्वांत निर्दय वाक्ये वाटतात. तरुणी त्याच्याकडे येऊन काही हवे आहे का विचारते, पण कर्तव्य म्हणून. तो 'नको' म्हणतो. आणि तरीही तिथे रेंगाळतो. आता थांबण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक आहे, पण तिच्या मालात आपल्याला रस आहे हे खरे वाटावे म्हणून तो थांबतो. जी मुलगी एकदोनदा खांद्यावरून पाहण्यापलीकडे त्याची दखलही घेत नाही, तिच्यासमोर हे नाटक चालले आहे. शेवटच्या वाक्यात जो 'व्यर्थ अभिमान' येतो, तो इथे देहासकट उभा आहे.

मग तो वळतो आणि खिशातली एकेका पेनीची दोन नाणी सहा पेन्यांच्या नाण्यावर पडू देतो. इथे थोडा हिशेब करू. घरून निघताना त्याच्या मुठीत एक फ्लोरिन होता, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे चोवीस पेनी. मुलांसाठीचे सहा पेन्यांचे प्रवेशद्वार त्याला सापडले नाही आणि बाजार बंद होईल या धास्तीने त्याने दमल्याभागल्या दिसणाऱ्या एका माणसाच्या हातावर अख्खा शिलिंग ठेवला. उरले बारा. खिशात आठ आहेत, त्याअर्थी चार रेल्वेला गेले. आठ पेन्यांत फुलदाणी येत नाही, हे त्या नाण्यांच्या आवाजातून आपल्याला ऐकू येते. कथेत आधी हाच मुलगा बाजारहाटीच्या गर्दीतून, शत्रूंच्या गराड्यातून पवित्र चषक सांभाळून न्यावा तसे आपले प्रेम नेत होता. त्या हातात आता आठ पेनी आहेत. यानंतर दालनाच्या टोकाकडून कोणीतरी दिवे गेल्याचे ओरडून सांगते, आणि वरचा भाग पूर्ण काळोखात बुडतो.

आपण एक प्रयोग करू. कथा इथेच थांबवू, काळोखावर. काय हरवते? प्रसंग पुरा झालेला आहे, अपेक्षाभंग कळलेला आहे, नाण्यांचा आवाज आणि मालवलेला दिवा यांनी शेवट बंदही केला आहे. आजचा एखादा काटेकोर संपादक शेवटचे वाक्य खोडूनच टाकील, आणि तसे का केले याची चांगली कारणेही देईल. वाक्य समजावून सांगते आहे. त्यातले शब्द मुलाच्या वयाला न शोभणारे आहेत. आणि ते अतिरेकी आहे. तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि तरी मी ते खोडणार नाही.

शब्द वयाला शोभत नाहीत, कारण बोलणारा आता मुलगा राहिलेला नाही. कथा मोठेपणी सांगितलेली आहे, आणि हा मोठा आवाज आधीही आपल्या 'असंख्य मूर्खपणां'विषयी आणि 'मूर्ख रक्ता'विषयी बोलून गेलेला आहे. शेवटच्या वाक्यात तो आकाशातून पडत नाही. डोळ्यांचीही तयारी आहे : कथेच्या पहिल्याच वाक्यात बंद गल्लीला जॉइस 'आंधळी' म्हणतो, मराठीत ही गंमत मरते, मुलगा खिडकीचा पडदा इंचभर फट ठेवून खाली ओढतो आणि तिला चोरून पाहतो, त्याचे डोळे, का ते न कळता, वारंवार पाण्याने भरतात. त्यामुळे 'डोळे जळू लागले' हा शेवट या वाक्याला परवडतो. एवढा भार मागच्या पानांनी आधीच उचललेला आहे.

अतिरेकाचे काय? 'हिणवलेला' हा शब्द पाहा. कथेत त्याला कोणीही हिणवत नाही. ती तरुणी हसते ती दुसऱ्यांशी. त्याच्यावर हसण्याइतकेही तो तिच्या लेखी महत्त्वाचा नाही. आपल्याला हिणवले गेले असे वाटण्यासाठीसुद्धा आपण जगाच्या नजरेत आहोत असे आधी वाटावे लागते. ज्या मनाने चषक पाहिला होता, तेच मन आता 'हाकललेला जीव' पाहते आहे. प्रतिमा उलटली, ताप उतरलेला नाही. म्हणून मी हे वाक्य कथेचा निकाल म्हणून वाचत नाही. ती त्या क्षणी त्या मुलाने स्वतःला दिलेली शिक्षा आहे, आणि तिच्यातही तोच अभिमान शिल्लक आहे. असे वाचले की वाक्याचा नादही कळतो : मूळ इंग्रजीत हाकललेला-हिणवलेला आणि यातना-संताप या दोन्ही जोड्या अनुप्रासाने बांधलेल्या आहेत. दुःखात असताना इतके नेटके बोलणारा माणूस थोडासा स्वतःचे ऐकतही असतो.

भाषांतरात ज्या शब्दाने मला सर्वांत जास्त छळले तो 'व्हॅनिटी'. त्यात दिखाऊ अभिमान आहे आणि बायबलमधल्या 'सर्व काही व्यर्थ'मधली व्यर्थताही आहे. नुसते 'अहंकार' म्हटले तर दोष मुलाचा होतो, नुसते 'व्यर्थता' म्हटले तर साऱ्या जगाचा. 'व्यर्थ अभिमान' ही माझी तडजोड आहे, आणि ती मला पुरती पटलेली नाही.

याच संग्रहात जॉइसने उलटा रस्ताही धरलेला आहे. 'क्ले' या कथेत धुलाईघरात काम करणारी प्रौढ, अविवाहित मारिया हॅलोविनच्या रात्री जो नावाच्या माणसाच्या घरी जाते. लहान असताना त्याला तिनेच सांभाळले होते. तिथे डोळे बांधून बशांतल्या वस्तू ओळखण्याचा खेळ चालतो, आणि तिच्या बोटांना काहीतरी मऊ, ओले लागते. ती माती असते, म्हणजे मृत्यूची खूण. कोणी ते बोलत नाही, मारियाला ते कळत नाही; कथेचे शीर्षक तेवढे सांगते. पुढे ती एक गाणे म्हणते आणि मागणी घालणाऱ्यांविषयीचे दुसरे कडवे सोडून पहिलेच पुन्हा म्हणते. तिची चूक कोणी दाखवत नाही. जोच्या डोळ्यांत पाणी येते, इतके की हवी ती वस्तू त्याला शोधता येत नाही, आणि शेवटी बाटलीचे बूच काढायचा स्क्रू कुठे आहे हे त्याला बायकोला विचारावे लागते. कथा इथे संपते. डोळे इथेही आहेत, अश्रूही आहेत, पण कोणाला काय उमगले याचा उच्चार नाही. जोला तरी नेमके काय उमगले, की तो फक्त थोडा जास्त प्यायला आहे, हेही जॉइस सांगत नाही. विद्यार्थी या वाक्याखाली कधी रेघ ओढत नाहीत. एकीने तर एकदा मला विचारले होते, सर, माझ्या प्रतीतले शेवटचे पान गळाले आहे का?