तक्ता वाकडा दिसला तर सांगा

मंडळी, मी बाजारभावाचे मेसेज आपोआप पाठवणाऱ्या एका छोट्या यंत्रणेचं काम बघतो. शेतकरी ‘कांदा’ असं लिहून पाठवतो आणि त्याला दोन-तीन बाजारांतले भाव उलट येतात. आज मला त्यातल्या एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण ते वाक्य लिहायला आम्हाला फार उशीर झाला.

सुरुवातीला आम्ही भाव तक्त्यात पाठवायचो: डावीकडे गाव, उजवीकडे भाव, मध्ये मोजून सोडलेली मोकळी जागा. आमच्या संगणकावर आकडे बरेचसे एकाखाली एक यायचे आणि आम्ही तेवढ्यावर खूश होतो. एका गावातल्या बाई रोज भाव विचारायच्या. एकदा भेटल्या तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. तीन गावं, तीन भाव, पण कुठला आकडा कुठल्या गावाचा ते कळायला बोट धरून वाचावं लागत होतं. लांब ओळी मोडून आकडा खालच्या ओळीत जाऊन बसला होता. मी विचारलं, ‘ताई, सांगितलं का नाहीत?’ तर म्हणाल्या, ‘मला वाटलं, माझाच फोन जुना झालाय.’

इथे नेमकं काय होतं ते बघा. मेसेजमधून जातात ती फक्त अक्षरं. ती कशी दिसायची हे समोरचा फोन ठरवतो, त्यातला फॉन्ट ठरवतो, पडद्याची रुंदी ठरवते. पाठवणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्यात आपली देवनागरी. आमचा प्रोग्राम प्रत्येक गावाचं नाव दहा खुणांपर्यंत मोकळ्या जागेने भरायचा. ‘पुणे’ संगणकाच्या हिशेबात चार खुणा आहे: प, उकार, ण, मात्रा. म्हणून सहा जागा सोडल्या जायच्या. पण उकार खाली लागतो, मात्रा वर लागते. आडवी जागा दोनच अक्षरांची. ‘लासलगाव’ सात खुणांचं आहे आणि त्यातले काने खरोखरच आडवी जागा घेतात, म्हणून तिथे तीनच जागा. म्हणजे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची धरली तरी पुण्याचा आकडा दोन घरं अलीकडे सरकणार. आणि फोनच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये तर रुंदी सारखी नसतेच. सारख्या रुंदीचा फॉन्ट मागितला तरी त्यात बहुधा देवनागरी नसते. मग फोन दुसरा फॉन्ट उसना घेतो आणि हिशेब पुन्हा बिघडतो.

दुसरा घोटाळा चांदण्यांचा, म्हणजे * या खुणेचा. ठळक अक्षरांसाठी आम्ही दोन्हीकडे दोन-दोन चांदण्या घालत होतो. व्हॉट्सअ‍ॅपला एकेकच लागते, आणि साध्या एसएमएसमध्ये ठळक असं काही नसतंच. तिथे चांदण्या जशाच्या तशा दिसायच्या.

म्हणून पहिला तक्ता जातो त्याच्या लगेच खाली आता एक ओळ असते:

```
तक्ता वाकडा दिसला तर ‘वाकडं’ लिहून पाठवा.
```

देवनागरीतल्या एका सुट्या एसएमएसमध्ये 70 खुणा मावतात. त्यात ही ओळ आरामात बसते. ‘आपल्याला दिसण्यात अडचण येत आहे का?’ असं विचारून बघितलं, तर लोक सौजन्याने ‘नाही’ म्हणतात. दोष आमच्या तक्त्याकडे द्यायचा, त्यांच्या फोनकडे किंवा डोळ्यांकडे नाही. नमस्काराच्या मेसेजातही ही ओळ टाकू नका. तिथे अजून तक्ताच आलेला नसतो, मग वाचणाऱ्याने वाकडं म्हणायचं कशाला?

आणि ती एकदाच. रोज आली की डोळा तिच्यावरून घसरतो आणि ज्याला नीट दिसतंय त्याला उगाच शंका येते. त्या नंबरसमोर ‘विचारलं’ अशी नोंद ठेवायची, झालं. मात्र उत्तर आलं नाही म्हणजे नीट दिसतंय, असं धरायचं नाही. ‘सांगितलं’ ही नोंद वेगळी ठेवा, आणि ती महिन्याने आली तरी घ्या.

उत्तर येतं ते ‘वाकडं’ असंच येईल असं नाही. ‘vakda’ येतं, ‘नीट दिसत नाही’ येतं, कुणी बोलून पाठवतं. बोलून पाठवलेलं आमच्यातला माणूस ऐकतो. आपणच सांगा म्हटल्यावर ‘आपला संदेश समजला नाही’ असं उलट गेलं, तर तो माणूस पुन्हा कधी सांगत नाही. फोन कुठला, हे विचारत बसू नका. तेच भाव, त्याच क्षणी, साध्या ओळींत परत पाठवा. हे आकडे नमुन्याचे आहेत:

```
पुणे: 1800 रुपये
लासलगाव: 1750 रुपये
```

आता हा नंबर कायम साध्या ओळींतच. आम्ही मांडणी स्वतःहून बदलली, तरच ‘विचारलं’ ही नोंद पुसतो आणि नव्या तक्त्याखाली ती ओळ पुन्हा एकदा जाते. त्या ताईंचा नंबर तेवढा मी भेटीच्या दिवशीच हाताने साध्या ओळींवर टाकला होता.