आरएसआय ७० म्हणजे सोनं महाग नव्हे

मंडळी, पत्रिकेवर मूव्हिंग ॲव्हरेजचं नाव आधी छापलंय, पण मी आरएसआयपासून, म्हणजे भावाच्या चढउताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणाऱ्या रेघेपासून, सुरुवात करतो, कारण तिथे माझी जुनी तक्रार आहे. सोन्याच्या चार्टवर ती रेघ ७० च्या वर गेली की नवशिका म्हणतो, ‘महाग झालं, विका.’ ३० च्या खाली गेली की ‘स्वस्त झालं, घ्या.’

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली हे मोजमाप मांडलं, १४ दिवसांचं. महाग की स्वस्त हा प्रश्न त्या गणितात येतच नाही. चढलेल्या दिवसांची वाढ मिळवून १४ ने भागायची, पडलेल्या दिवसांची घसरणही तशीच, आणि पहिल्या सरासरीला दोन्हींच्या बेरजेने भागून शंभराने गुणायचं. दोन्ही सारख्या असल्या तर आरएसआय ५०. वाढ घसरणीच्या दुप्पट असेल तर ६६.७. आणि सुमारे २.३३ पट झाली की ७०. म्हणजे ७० हा आकडा एवढंच सांगतो की अलीकडे चढ उताराला भारी पडतोय. याला विकण्याचं कारण कुणी केलं?

मार्च २०२४ बघा. पहिल्याच आठवड्यात सोन्याने औंसामागे २,१०० डॉलर ओलांडले आणि आरएसआय ७० च्या वर गेला. तिथे भाव पडेल म्हणून शॉर्ट केलेल्यांनी १२ एप्रिलला २,४०० च्या पुढचा भाव पाहिला. मध्ये ९ एप्रिलला पाडवा होऊन गेला. सराफाच्या पेढीवर आरएसआय विचारणारं गिऱ्हाईक मात्र आलं नसणार. हसू नका, त्या दिवसांत चार्ट बघणाऱ्यांपेक्षा न बघणारे निवांत होते.

आता याहून मोठी गफलत. आपण डॉलरचा चार्ट बघतो की आपल्याकडच्या वायदेबाजाराचा, एमसीएक्सचा? एमसीएक्सवर भाव १० ग्रॅमचा, रुपयांत आणि आयात शुल्कासकट असतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि एमसीएक्सचा भाव एका दिवसात सुमारे चार हजारांनी कोसळला. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स वायदेबाजारात असं काही घडलं नाही, कारण तिकडे आपलं शुल्क कोण मोजतंय!

चार्टवरच्या या एका दिवसाच्या मेणबत्तीने आरएसआयचं काय होतं? सोयीचे आकडे घेतो, कागद असेल तर मांडा. आदल्या दिवशी सरासरी वाढ २५० रुपये, सरासरी घसरण २००, आरएसआय ५५.६. वाइल्डर जुन्या सरासरीला १३ ने गुणतात, आजचा आकडा मिळवतात आणि १४ ने भागतात. वाढ आज शून्य, म्हणून ती २३२ वर येते. घसरण २,६०० अधिक ४,००० भागिले १४, म्हणजे ४७१. आरएसआय थेट ३३! विक्रेते थकले, खरेदीची वेळ जवळ आली असं हा आकडा ओरडून सांगतो, आणि घडलेलं असतं काय, तर कर कमी झालेला. बरं, हा धक्का १४ दिवसांनी निघूनही जात नाही. १४ दिवसांनंतरही त्याचा सुमारे ३५ टक्के अंश सरासरीत शिल्लक असतो. म्हणून अशा दिवसानंतर महिना-दीड महिना एमसीएक्सचा आरएसआय बाजूला ठेवायचा आणि डॉलरचा वाचायचा. वायद्याच्या एका कराराची मुदत संपून चार्ट पुढच्या करारावर जातो, तेव्हाही अशीच खोटी उडी दिसते, फक्त छोटी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूव्हिंग ॲव्हरेज राहिलंच!

मग भरभर. ५० दिवसांच्या साध्या सरासरीचा मध्य साडेचोवीस दिवस मागे असतो. भाव रोज शंभराने चढत असेल तर ती रेघ त्याच्या २,४५० रुपये खाली चालते. २० दिवसांच्या सरासरीची रेघ ५० च्या रेघेला छेदते तोवर चाल बरीच जुनी झालेली असते. भाव एका पट्ट्यात अडकला की या रेघा सारख्या छेदत राहतात आणि प्रत्येक छेदावर तोटा. मग नवशिका २० चे १८ करतो, १८ चे २३, मागचा चार्ट गोड दिसेपर्यंत. पुढच्या चार्टला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

माझं ऐकाल तर २०० दिवसांची सरासरी फक्त उतार बघायला ठेवा. ती चढती असेल तर आरएसआय साधारण ४० ते ८० मध्ये फिरतो. तिथे ७० ला विकू नका, ४०-४५ वरून वळला तर खरेदीचा विचार करा. ती उतरती असेल तर पट्टा २० ते ६०. तिथे ३० ला घ्यायची घाई नको. ती आडवी असेल तर ७०-३० चा थोडाफार उपयोग होतो. तोटा थांबवणारा स्टॉपलॉस मात्र अलीकडच्या तळाखाली लावा, रेघेवर नको. रेघ रोज सरकते.

आणि निर्णय दिवसाची मेणबत्ती बंद झाल्यावर घ्या. एमसीएक्स रात्री ११.३० ला बंद होतो, अमेरिकेत हिवाळी वेळ असली की ११.५५ ला. दुपारी तीनला ७१ दिसणारा आरएसआय अमेरिकेची आकडेवारी आल्यावर ६४ वर बंद होऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी चार्टवर त्या ७१ चा मागमूसही सापडत नाही.