रुबाईची तिसरी ओळ

रुबाई म्हटली की चार ओळी आणि खय्याम एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात, तिसरी मोकळी, हेही पुस्तकांत सापडतं. ती तिसरी ओळ मोकळी ठेवून कवी काय साधतो, ते आज एकाच रुबाईवर पाहू. खय्यामच्या नावावर असलेली ही फारसी रुबाई आधी कानावर पडू द्या.

ईन कूजा चु मन आशिक-ए-जारी बूदस्त
दर बंद-ए-सर-ए-जुल्फ-ए-निगारी बूदस्त
ईन दस्ता कि बर गर्दन-ए-ऊ मीबीनी
दस्तीस्त कि बर गर्दन-ए-यारी बूदस्त

अर्थ सरळ आहे. हा मातीचा कूजा, म्हणजे सुरई, कधीकाळी माझ्यासारखाच व्याकूळ प्रेमिक होता. कुणा सुंदरीच्या बटांत अडकलेला होता. याच्या मानेवर तुला जो दस्ता, म्हणजे धरायचा कान, दिसतो आहे, तो एक हात आहे. कधी कुणा प्रियेच्या मानेवर असलेला.

यमक जारी, निगारी, यारी. त्यामागे प्रत्येक वेळी तोच शब्द, बूदस्त, म्हणजे होता, हा रदीफ. पहिल्या दोन ओळी स्वतंत्र आहेत, पुऱ्या आहेत, आणि खरं तर एकच गोष्ट दोनदा सांगतात. हा सैलपणा नव्हे. दोन ओळींत कानाला सवय लागते: वाक्य संपणार, ‘बूदस्त’ येणार, आणि सगळं भूतकाळात असणार.

तिसरी ओळ या तिन्ही सवयी मोडते. शेवटी येतं ‘मीबीनी’, म्हणजे तू पाहतोस. भूतकाळ संपला, वर्तमान आला. आतापर्यंत कूज्याविषयी बोलणं चाललं होतं, आता ऐकणाऱ्याकडे वळून त्याला वस्तू दाखवली जाते. आणि वाक्य अर्धवट आहे: हा दस्ता, जो तुला दिसतो... काय त्याचं? क्रियापद चौथ्या ओळीच्या ताब्यात आहे. ‘मीबीनी’च्या शेवटी ‘ई’ आहे, जारी-निगारीच्या जवळ जाणारा. पण मागे रदीफ येत नाही, म्हणून कान अडखळतो.

चौथी ओळ पहिल्याच शब्दात उत्तर देते: दस्तीस्त, हात आहे. दस्ता आणि दस्त यांत एका स्वराचं अंतर. मग ‘कि बर गर्दन-ए’ हे शब्द तिसऱ्या ओळीत ज्या मात्रांवर होते त्याच मात्रांवर पुन्हा येतात. रुबाईचं वृत्त साधारण वीस मात्रांचं, सुरुवातीला गुरू. पुढे दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. या दोन्ही ओळींचा साचा तंतोतंत एक आहे, त्यामुळे मातीची मान आणि माणसाची मान एकमेकींवर बरोबर बसतात. शेवटी ‘बूदस्त’ परत येतो, पण पहिल्या ओळीत जी नुसती उपमा होती ती आता हाताने चाचपता येते.

जुने फारसी जाणकार अशा बिनयमकी ओळीला खसी म्हणतात, खच्ची केलेली. चारही ओळी यमकात असलेल्या रुबाया सुरुवातीच्या काळात भरपूर आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत. पण चौथं यमक तिथं सलग येतं. एक ओळ रिकामी गेली की तेच यमक परतल्यासारखं वाटतं.

बिघडतं कुठं? बहुतेकदा तिसरी ओळ पूर्णविराम देते. ‘याच्या मानेला एक कान आहे’ असं लिहिलं की चौथीला शून्यातून उठावं लागतं. दुसरा दोष उलटा: ‘हा कान हातासारखा दिसतो’ म्हटलं की गुपित फुटलं, चौथीकडे उरलं फक्त यमक. तपासायचं असेल तर चौथी ओळ झाकून तीनच ओळी कुणाला तरी वाचून दाखवा. ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणाला तर तिसरी जमली. ‘वा’ म्हणाला तर कविता तिथंच संपली आहे. चौथी ओळ त्यानेच अचूक सांगितली तर तिसरीत जास्त बोलून झालं आहे.

माधव ज्यूलियनांनी खय्याम थेट फारसीवरून मराठीत आणला, तेव्हापासून आपल्याकडे हा आकार रुळला. पण या एका रुबाईपाशी मराठी अडते. आपल्या भांड्याला कान असतो, आणि कानातून हात निघत नाही. कढईची कडी, कपाचा कान, पळीचा दांडा. यांतला एकही शब्द उपयोगाचा नाही. ‘मूठ’ मात्र आहे. तलवारीची मूठ, आणि हाताचीही मूठ. सुरईला मूठ म्हणणं थोडं ओढूनताणून होतं, पण ‘मानेवर ही मूठ तुला जी दिसते’ असं म्हटलं की ओळ अर्धवट राहते, वर्तमानात येते, आणि मूठ कुणाची हा प्रश्न चौथ्या ओळीसाठी उघडा राहतो.