बिलातला ॲडव्हान्स कुठे वजा करायचा आणि वहीत कसा दाखवायचा?

नमस्कार. आज एकच व्यवहार घेऊन तो शेवटच्या नोंदीपर्यंत नेऊ या. रत्नागिरीतला एक फॅब्रिकेशनवाला देवगडच्या आंबा बागायतदाराला पॅकिंग शेडसाठी लोखंडी रॅक पुरवतो. ठरलेली किंमत 80,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 94,400. बागायतदाराने 18 मार्चला यूपीआयने 30,000 रुपये ॲडव्हान्स दिला. रॅक आणि बिल मात्र 6 एप्रिलला पोहोचले. कोकणात हंगाम नेमका 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला असल्यामुळे ॲडव्हान्स एका आर्थिक वर्षात आणि बिल दुसऱ्या वर्षात, असे वारंवार घडते.

18 मार्चला विक्री झालेली नाही. रॅक अजून वर्कशॉपमध्येच आहेत, आणि उद्या ऑर्डर रद्द झाली तर पैसे परत द्यावे लागतील. म्हणून ही रक्कम उत्पन्न नव्हे, देणे आहे. बँक खाते 30,000 नावे, ‘ग्राहकांकडून आलेला ॲडव्हान्स’ खाते 30,000 जमा, एवढीच नोंद त्या दिवशी करायची. 31 मार्चच्या ताळेबंदात हे 30,000 चालू देण्यांत दिसले पाहिजेत. ते विक्री खात्यात टाकले, तर न झालेल्या विक्रीचा नफा त्या वर्षात फुगतो.

जीएसटीचे काय? कॉम्पोझिशन योजनेत नसलेल्या विक्रेत्याला, मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर 2017 पासून त्या वेळी कर भरावा लागत नाही. तो बिलाच्या वेळी लागतो. सेवेचे तसे नाही. हेच 30,000 एखाद्या कामाच्या मजुरीपोटी आले असते, तर पैसे आल्यावरच कर देय झाला असता आणि रिसीट व्हाउचर द्यावे लागले असते. आपले उदाहरण निव्वळ माल पुरवण्याचे आहे, म्हणून मार्चमध्ये कराची नोंद नाही.

आता 6 एप्रिलचे बिल. त्याचा खालचा भाग पडद्यावर पाहा.

रॅकची किंमत: 80,000
सीजीएसटी 9 टक्के: 7,200
एसजीएसटी 9 टक्के: 7,200
बिलाची एकूण रक्कम: 94,400
वजा: 18 मार्चला मिळालेला ॲडव्हान्स: 30,000
येणे बाकी: 64,400

ॲडव्हान्स एकूण रकमेच्या खाली वजा झाला आहे, याकडे नीट लक्ष द्या. बरेच जण तो वरच, म्हणजे 80,000 मधूनच कमी करतात. मग उरलेल्या 50,000 वर 9,000 कर लागून बिल 59,000 चे होते. त्यामुळे 5,400 रुपयांचा कर आकारायचाच राहतो, शिवाय जीएसटी रिटर्नमध्ये 80,000 ऐवजी 50,000 ची विक्री जाते. ॲडव्हान्स ही सूट नाही, ती त्याच बिलाची आधी आलेली रक्कम आहे, त्यामुळे करपात्र किमतीला ती हात लावत नाही.

वहीतही हाच क्रम ठेवायचा. आधी पूर्ण बिल: बागायतदाराचे खाते 94,400 नावे, विक्री 80,000, सीजीएसटी 7,200 आणि एसजीएसटी 7,200 जमा. त्यानंतर ॲडव्हान्सची जुळवणी: ‘ग्राहकांकडून आलेला ॲडव्हान्स’ 30,000 नावे, बागायतदाराचे खाते 30,000 जमा. ही दुसरी नोंदच सर्वांत जास्त विसरली जाते. ती राहिली तर बिल 64,400 सांगते आणि खाते 94,400. मग माणूस पैसे देऊनही त्याला पूर्ण रकमेचा तगादा जातो, आणि असा एक फोन गेला की वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक दुखावते. टॅलीत तुम्ही ॲडव्हान्स थेट पार्टीच्या खात्यावर `Advance` म्हणून घेतला असेल, तर वेगळ्या जुळवणीच्या नोंदीऐवजी विक्रीच्या व्हाउचरमध्ये 30,000 साठी `Agst Ref` आणि उरलेल्या 64,400 साठी `New Ref` निवडायचे.

20 एप्रिलला पहिल्या पेट्या विकल्यावर बागायतदाराने 40,000 पाठवले. बँक 40,000 नावे, बागायतदाराचे खाते 40,000 जमा, बाकी 24,400. या टप्प्यावर जुने बिल उघडून त्यातली येणे बाकी बदलू नका. बिल 6 एप्रिलची स्थिती सांगते. नंतर आलेल्या पैशांसाठी पावती द्या आणि तिच्यावर बिल क्रमांक व उरलेले 24,400 लिहा.

महिन्याच्या शेवटी बिलावरच्या येणे बाकीतून नंतरच्या पावत्या वजा करा आणि उत्तर खात्याच्या बाकीशी ताडून पाहा. फरक बरोबर 30,000 निघाला, म्हणजे ॲडव्हान्सइतकाच, तर आधी ‘ग्राहकांकडून आलेला ॲडव्हान्स’ खाते पाहा. तिथे रक्कम अजून जमा असेल, तर जुळवणी राहिली आहे. ते खाते रिकामे असेल आणि मार्चच्या विक्रीत बिल क्रमांक नसलेले 30,000 दिसत असतील, तर ॲडव्हान्सच विक्री म्हणून लिहिला गेला आहे. मार्चचे हिशेब अजून बंद झाले नसतील, तर ती नोंद तिथेच, 18 मार्चच्या तारखेला दुरुस्त करा. ते बंद होऊन विवरणपत्र गेले असेल, तर आपल्या सीएला विचारल्याशिवाय त्या वर्षाला हात लावू नका.